‘नोंदणी सुरू आहे’ : टेस्ट राईडच्या जाहीर मजकुराविषयी थोडेसे

आपल्या मराठी भाषेत काही शब्द फार कष्टाळू असतात. एकाच वेळी तीन-तीन धन्यांची चाकरी ते बिनतक्रार करतात. ‘नोंदणी’ हा असाच एक शब्द. विजेवर चालणाऱ्या स्कूटरचे नवे दुकान एखाद्या गावात उघडते, तेव्हा व्हॉट्सॲपच्या गटागटांतून आणि एस. टी. स्टँडाजवळच्या फलकांवरून ‘नोंदणी सुरू आहे’ हे तीन शब्द झळकू लागतात. आता ही नोंदणी कशाची? गाडी एकदा चालवून पाहण्यासाठी नाव देण्याची? पैसे भरून गाडी राखून ठेवण्याची? की आर. टी. ओ.कडे गाडीला क्रमांक मिळण्याची? तिन्हींसाठी आपण एकच शब्द वापरतो, आणि वाचणारा आपापल्या सोयीने अर्थ लावतो. प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच की, टेस्ट राईडसाठी नावे मागवणारा मजकूर नेमका कसा असावा, आणि तो तसा का असावा.

हा विषय कलाशाखेच्या विद्यार्थ्याला का सुचावा, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, मलकापुरात असे दुकान काढणाऱ्या आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी, ‘तुम्ही मराठीवाले, चार ओळी चांगल्या लिहून द्या’ म्हणून एक कच्चा मजकूर माझ्या हाती ठेवला. तो असा होता : ‘मलकापूरकरांसाठी आनंदाची बातमी! एका चार्जमध्ये १२० कि.मी.! पेट्रोलला रामराम! टेस्ट राईडसाठी आजच नोंदणी करा. जागा मर्यादित. त्वरा करा!’ व्याकरणाच्या दृष्टीने यात काहीच वावगे नव्हते. परंतु दुरुस्त करायला बसलो तेव्हा ध्यानात आले की, प्रश्न शुद्धलेखनाचा नाहीच. या सहा वाक्यांत दिवस नाही, वेळ नाही, जागा नाही, किती नावे घेणार ते नाही, कोणी येऊ नये ते नाही आणि दिलेल्या नावाचे पुढे काय होणार तेही नाही. उद्गारचिन्हे मात्र चार आहेत.

नावे घेणे आणि गाडी देणे यांतील अंतर आपल्या महाराष्ट्राला नवे नाही. १९७२ साली बाजारात आलेल्या चेतक स्कूटरसाठी लोकांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली, हे घरोघरीच्या वडीलधाऱ्यांना विचारले तर कळेल. त्या काळी नाव नोंदवणे म्हणजे रांगेत उभे राहणे होते. उत्पादन थोडे आणि मागणी अफाट, अशी ती स्थिती होती. पुढे तेच नाव घेऊन विजेवरची चेतक १४ जानेवारी २०२० रोजी विक्रीस आली आणि दुसऱ्या दिवसापासून पुणे व बंगळूर येथे दोन हजार रुपये भरून नोंदणी सुरू झाली. टाळेबंदीच्या काळात थांबलेली ही नोंदणी एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा उघडली आणि दोनच दिवसांत बंद करावी लागली, कारण मागणी पुरवठ्यापेक्षा जास्त होती. त्याच वर्षी ओला कंपनीने १५ जुलैला ४९९ रुपयांत नावे घेण्यास आरंभ केला. पहिल्या चोवीस तासांत एक लाख नावे आल्याचे कंपनीने जाहीर केले. प्रत्यक्ष गाडी चालवून पाहण्याची सोय मात्र १० नोव्हेंबर २०२१ पासून, तीही आधी काही मोजक्या शहरांत, सुरू झाली. म्हणजे नाव जुलैत आणि टेस्ट राईड नोव्हेंबरात! परत मिळणारी रक्कम घेऊन मागणीचा अंदाज बांधणे हा व्यवहार म्हणून गैर नव्हे. परंतु ती नोंदणी वेगळी आणि टेस्ट राईडची वेगळी. पहिलीत ग्राहक कंपनीला शब्द देतो, दुसरीत दुकानदार ग्राहकाला शब्द देतो. म्हणूनच मजकुरातील पहिली दुरुस्ती मी सुचवली ती ही की, ‘नोंदणी’ हा शब्द काढून टाकावा आणि सरळ लिहावे : ‘गाडी चालवून पाहण्यासाठी नाव द्या. पैसे भरायचे नाहीत. नाव दिल्याने गाडी घेण्याचे बंधन नाही.’

आता दुकानदाराने दिलेला शब्द म्हणजे काय, तर वेळेचा. अमुक माणसाला अमुक वाजता गाडी मिळेल, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा किती नावे घ्यायची हे उत्साहावर सोडून चालत नाही, ते घड्याळ आणि बॅटरी ठरवतात. हा हिशेब मी त्या गृहस्थांबरोबर कागदावर मांडला, तो येथे देतो.

दाखवण्यासाठी दोन स्कूटर आहेत. फेरीचा रस्ता चार किलोमीटरचा. गावातून, वळणे घेत, सुमारे पंचवीस किलोमीटरच्या वेगाने त्याला दहा मिनिटे लागतात. परवाना पाहणे, हेल्मेट देणे, ब्रेक आणि चालवण्याचे मोड समजावून सांगणे यांत पाच मिनिटे जातात. परत आल्यावर माणूस लगेच निघून जात नाही, चार प्रश्न विचारतोच, त्याची पाच. अशी एका माणसाला वीस मिनिटे झाली. म्हणजे एका गाडीवर तासाला तीन आणि दोन गाड्यांवर सहा माणसे. सकाळी ९ ते १ आणि दुपारी ३ ते ६ असे सात तास धरले, तर बेचाळीस फेऱ्या होतात. ‘जागा मर्यादित’ या दोन शब्दांमागचा खरा आकडा तो हा.

परंतु बेचाळीसही पुरते खरे नाहीत. मधली दोन तासांची सुटी जेवणासाठी आहे असे वाचणाऱ्याला वाटेल, वस्तुतः ती गाडीच्या जेवणासाठी आहे. समजा, बॅटरी तीन युनिटची आहे. विजेच्या बिलावर असते तेच हे युनिट. सपाट रस्त्यावर शांतपणे चालवली तर अशी स्कूटर एका युनिटात तीसेक किलोमीटर जाते. पण टेस्ट राईडला शांतपणे कोण चालवतो? प्रत्येकजण एकदा तरी मूठ पूर्ण पिळून पाहतो, चढावर नेतो, जोरात ब्रेक लावतो. म्हणून एका युनिटात चोवीस किलोमीटरच धरावेत. सकाळी एका गाडीच्या बारा फेऱ्या, म्हणजे अठ्ठेचाळीस किलोमीटर. दोन युनिटे संपली, एक उरले. दोन तासांत घरगुती चार्जर सुमारे सव्वा युनिट भरतो, तेव्हा तीन वाजता गाडीत सव्वादोन युनिटे असतात. दुपारच्या नऊ फेऱ्यांना दीड युनिट लागते आणि सहा वाजता पाऊण युनिट, म्हणजे पाव बॅटरी, शिल्लक राहते. सुटी न ठेवता सलग गाडी चालवली, तर तीन युनिटांत अठरा फेऱ्या होऊन गाडी थांबेल आणि उरलेली तीन माणसे हेल्मेट हातात घेऊन उभी राहतील.

त्याहून वाईट गोष्ट त्याआधी घडते, आणि ती सहजी ध्यानात येत नाही. बॅटरी फार उतरली की पुष्कळ स्कूटर आपला जोर आपणच कमी करतात. उरलेली वीज पुरवून वापरावी म्हणून त्यांची रचनाच तशी असते. सकाळी नऊला आलेला माणूस ‘गाडी उडते हो!’ म्हणत उतरतो आणि संध्याकाळी आलेला तीच गाडी चालवून ‘काही दम नाही’ म्हणतो. दोघेही खरे बोलतात, कारण दोघांनी निरनिराळ्या गाड्या चालवलेल्या असतात. आपण कोणती चालवतो आहोत हे ओळखण्याची खूण सोपी आहे : बसण्यापूर्वी काट्याच्या जागी दिसणारा चार्जचा आकडा पाहावा आणि कोणता मोड लावलेला आहे ते विचारावे. वीस टक्क्यांच्या आत आकडा असेल तर ती फेरी घेऊ नये, पुढची वेळ मागावी. दुपारी वीज गेली तर हा सारा हिशेब कोसळतो, म्हणून मजकुरातच लिहून ठेवावे की, तसे झाल्यास दुपारच्या नावांना दुसरा दिवस देऊ. पावसाचेही तेच. शाहूवाडी तालुक्याचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वाक्य अधिक वाटणार नाही.

राहता राहिली उशीराची गोष्ट. कोणी दहा मिनिटे उशिरा येतो, कोणी येतच नाही, आणि कोणी नाव न देता बाजारहाट करता करता डोकावतो. म्हणून दर तासाच्या सहा वेळांपैकी एक रिकामी ठेवावी. सात तासांच्या सात वेळा वजा जाता पस्तीस नावे राहतात. तेवढी झाली की घेणे थांबवावे आणि पुढची नावे दुसऱ्या रविवारसाठी लिहून ठेवावीत. आमच्या गृहस्थांना हे प्रथम रुचले नाही. ‘अहो, शंभर नावे आली तर चांगलेच की!’ असे ते म्हणाले. ‘शंभर आली आणि पासष्ट माणसे उन्हात ताटकळून घरी गेली, तर ती तुमची जाहिरात उलट्या दिशेने करतील, काका,’ असे मी म्हटले, तेव्हा ते हसले आणि पस्तीसवर तयार झाले.

दुसरा प्रश्न ‘एका चार्जमध्ये १२० कि.मी.’ या वाक्याचा. हा आकडा खोटा नसतो, परंतु तो कोणत्या रस्त्यावरचा आहे हे कोणी सांगत नाही. पुण्याच्या ए. आर. ए. आय. सारख्या संस्थेत गाडी फिरत्या रुळांवर ठेवून ठरावीक चालीने चालवतात. दुचाकींसाठी भारतात वापरल्या जाणाऱ्या त्या चालीचा सरासरी वेग ताशी सुमारे २२ किलोमीटर आणि जास्तीत जास्त वेग ४२ किलोमीटर असतो. वर बसणारा एकच, वारा नाही, घाट नाही, मागे पोते नाही. सर्व गाड्या एका मापाने मोजाव्यात म्हणून हे ठीकच आहे. मलकापूरच्या माणसाचा प्रश्न मात्र निराळा असतो : कोल्हापूरला जाऊन परत येता येईल का? कोल्हापूर येथून सुमारे पंचेचाळीस किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन नव्वद. तीन युनिटच्या बॅटरीवर, महामार्गाच्या वेगाने, दोघांनी मिळून हे अंतर एका दमात काटणे भरवशाचे नाही. कोल्हापुरात काम उरकेपर्यंत दोन-तीन तास चार्जिंगची सोय असेल तर काही अडचण नाही. हे मजकुरात एका वाक्यात सांगता येते, आणि जो दुकानदार ते आधीच सांगतो, त्याच्या बाकीच्या वाक्यांवर विश्वास बसतो.

घाटाची भीती मात्र लोकांच्या मनात वाजवीपेक्षा जास्त आहे, तीही आकड्यांनी तपासून पाहू. स्कूटर ११० किलोची आणि वरची दोन माणसे १४० किलोंची, मिळून २५० किलो. एवढे वजन १०० मीटर उंच चढवायला, वाटेतील तूट धरून, युनिटाचा सुमारे बारावा हिस्सा लागतो. सपाटीवर तेवढ्या विजेत गाडी अडीच किलोमीटर गेली असती. म्हणजे प्रत्येक १०० मीटर चढामागे पल्ल्यातून अडीच किलोमीटर वजा करावेत, इतके सोपे गणित आहे. आणि उतारावर त्यातले थोडेसे परतही मिळते. चढावर गाडी उपाशी मरत नाही. खरी परीक्षा जोराची असते. बारा फुटांत एक फूट चढणाऱ्या रस्त्यावर हेच ओझे ताशी पंचवीस किलोमीटरने नेण्यासाठी चाकाशी दीड हजार वॅटांहून अधिक जोर लागतो.

येथेच ‘परवान्याची गरज नाही’ या दुसऱ्या लोकप्रिय वाक्याचा उलगडा होतो. नियमाप्रमाणे ज्या गाडीची मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असतो, तिला परवाना व क्रमांक लागत नाही. परंतु नुसत्या २५० वॅटवर, दोघांना घेऊन, वर सांगितलेला चढ ती ताशी चार-साडेचार किलोमीटरने, म्हणजे माणसाच्या चालीने चढेल. सपाट गावात, एकट्या माणसाला, भाजी आणायला ती उत्तम आहे. एकाच दुकानात दोन्ही प्रकारच्या गाड्या असतात, म्हणून कोणती गाडी चालवायला मिळणार हे नावानिशी लिहिले पाहिजे. नाहीतर परवाना नसलेला मुलगा मोठ्या गाडीसाठी येतो आणि रागावून परत जातो.

मोठ्या गाडीसाठी काय लागते, तेही स्पष्ट असावे. वय अठरा पूर्ण, पक्का परवाना (मूळ किंवा डिजिलॉकरमधला), आणि चालवणारा व मागे बसणारा अशा दोघांनाही हेल्मेट. दाखवण्याच्या गाडीची नोंदणी झालेली असावी किंवा दुकानाकडे आर. टी. ओ.चे व्यापार प्रमाणपत्र असावे, आणि विमा चालू असावा. हे ग्राहकाने विचारले तर त्यात अपमान मानण्यासारखे काही नाही. टेस्ट राईडमध्ये कोणाला धक्का लागला, तर या कागदांशिवाय दोघांचीही पंचाईत होते. फेरीचा रस्ताही आधी ठरलेला असावा. रत्नागिरी-कोल्हापूर महामार्गावर ट्रक आणि बसगाड्यांची वर्दळ असते. नवख्या हाताने अपरिचित गाडी तेथे नेण्यापेक्षा आतला, पण एक चांगला चढ असलेला रस्ता निवडावा. चढ नसलेली टेस्ट राईड आपल्या भागात निरुपयोगी होय.

एक बारीकशी गोष्ट सांगण्यासारखी आहे. घरचा कर्ता पुरुष आपले नाव देतो, स्वतः गाडी चालवून पाहतो आणि ‘चांगली आहे’ म्हणतो. पुढे रोज गाडी चालवणार असते ती त्याची शिक्षिका पत्नी किंवा कॉलेजात जाणारी मुलगी. पाय जमिनीला टेकतात का, मुख्य स्टँडवर गाडी ओढता येते का, हे तिनेच पाहायचे असते. म्हणून मजकुरात लिहावे : ‘गाडी रोज जी व्यक्ती चालवणार, तिचेच नाव द्यावे. नेहमी मागे बसणाऱ्यालाही बरोबर आणावे.’ या दोन वाक्यांनी पस्तीस फेऱ्यांचे चीज होते.

शेवटचा मुद्दा दिलेल्या नावाचा आणि फोन क्रमांकाचा. नाव देताना आपण सहज दहा आकडे लिहून देतो आणि मग कर्जवाले, विमेवाले, आणखी कोण कोण आपल्याला ‘सर’ म्हणून फोन करू लागतात. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली केला. त्यामागील तत्त्व असे की, माहिती ज्या कामासाठी मागितली त्याच कामासाठी वापरावी आणि देणाऱ्याची संमती स्पष्ट असावी. टेस्ट राईडला लागते ते काय? नाव, फोन, सोयीची वेळ आणि परवाना आहे की नाही याचे होय-नाही. आधार क्रमांक, पगार, घरात माणसे किती, यांचा गाडी चालवून पाहण्याशी काय संबंध? अशा चौकटी जेथे दिसतील, तेथे टेस्ट राईड हे निमित्त असून नावांची यादी हाच माल आहे असे समजावे. कर्जाची चौकशी करायचीच असेल, तर तिची वेगळी चौकट असावी आणि ती आधीपासून खूण केलेली नसावी.

हे सर्व लक्षात घेऊन जो मजकूर तयार झाला, तो असा :

‘येत्या रविवारी, सकाळी ९ ते १ व दुपारी ३ ते ६, आमच्या दुकानापासून विजेची स्कूटर चालवून पाहता येईल. फेरी चार किलोमीटर, एक चढ धरून. प्रत्येकास वीस मिनिटे. ३५ नावे घेऊ. त्यानंतरच्यांना पुढचा रविवार. पैसे नाहीत, गाडी घेण्याचे बंधन नाही. वय १८ पूर्ण व पक्का परवाना हवा. हेल्मेट आम्ही देऊ. रोज जी व्यक्ती चालवणार, तिचेच नाव द्यावे. कोल्हापूरला जाऊन-येऊन एका चार्जमध्ये होईल असे आम्ही सांगत नाही. आपला रोजचा प्रवास सांगा, हिशेब करून दाखवू. पाऊस आला किंवा वीज गेली तर आदल्या क्रमाने दुसरी वेळ देऊ. आपला फोन क्रमांक याच कामासाठी वापरू आणि महिन्याने यादी नष्ट करू.’

यात एकही उद्गारचिन्ह नाही. मजकूर कच्च्या मसुद्याच्या चौपट लांब झाला, अशी तक्रार आली. तिच्यात तथ्यही आहे. फलकावर एवढे मावत नाही. तेथे दिवस, वेळ, ‘३५ नावे’ आणि ‘परवाना आणावा’ एवढेच लिहावे व बाकीचे नाव घेताना वाचून दाखवावे. शिवाय मजकूर कितीही चोख असला, तरी त्यातील शब्द पाळले जातात की नाही हे तो स्वतः सांगू शकत नाही. ते पाहण्याचा उपाय वाचकांच्या हाती आहे. उद्या आपल्या गावी असा फलक दिसला, तर तीन प्रश्न विचारावेत : किती नावे घेणार, माझ्या वेळी गाडीत चार्ज किती असेल, आणि माझा क्रमांक पुढे कोणाला देणार? तिन्हींची उत्तरे जेथे आकड्यांत आणि नकारात स्पष्ट मिळतील, तेथे नाव द्यायला हरकत नाही.